कीर्द, खतावणी आणि वर्गातील एक वाक्य

२४ एप्रिल १९७० रोजी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे एका अभ्यासकेंद्राला आग लावण्यात आली. त्या आगीत एम. एन. श्रीनिवास यांच्या अभ्यासिकेतील कागद जळाले. म्हैसूर प्रदेशातील ज्या खेड्याला त्यांनी ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिले होते, तेथे १९४८ साली दीर्घकाळ राहून त्यांनी टिपणे घेतली होती. त्या टिपणांवर अठरा वर्षे संस्कार करून जी संहिता सिद्ध झाली होती, तिच्या तिन्ही प्रती एकाच ठिकाणी असल्याने एकदमच नाहीशा झाल्या. पुढे श्रीनिवासांनी ते खेडे स्मृतीतून लिहून काढले. ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला तेव्हा ते बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेत होते. आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, ते याच शहरात राहिले.

ग्रंथ सर्वमान्य ठरला आणि तो तसा ठरावा अशाच योग्यतेचा आहे. तथापि त्याने एक प्रश्न मागे ठेवला, आणि तो बंगळूरच्या कोणत्याही शाळेत वही-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या अभ्यासकाला आजही चुकवता येत नाही. जे लिहिले आहे ते खरे आहे, हे वाचकाने कशावरून मानावे? लेखकाचा लौकिक, त्याची शैली, त्याचा प्रांजळपणा, हे आधार खरेच. पण ते लेखकाविषयीचे आधार आहेत, विधानाविषयीचे नव्हेत. श्रीनिवासांनी ग्रंथाच्या शीर्षकातच आपली भूमिका उघड केली, ही त्यांची सचोटी. ज्याने स्मृतीतून लिहिले नाही आणि तसा दावाही केला नाही, अशा सामान्य अभ्यासकाची गोष्ट निराळी आहे.

संख्यात्मक संशोधनात या प्रश्नाची उत्तरे ठरून गेलेली असतात. मापनसाधन पुन्हा वापरले असता तेच फल मिळते का, नमुना पुरेसा आहे का, हे तपासता येते. परंतु एकाच वर्गात सहा-सात महिने बसून, एका शिक्षिकेचे आणि काही मुलांचे बोलणे ऐकून जो अभ्यास उभा राहतो, त्याला ही मापे लागू पडत नाहीत; तो वर्ग, ते वर्ष आणि ते पाहणारे डोळे पुन्हा जमवता येत नाहीत. ही अडचण ओळखून एगॉन गुबा यांनी १९८१ साली, आणि यव्होना लिंकन यांच्यासह १९८५ च्या ‘नॅचरॅलिस्टिक इन्क्वायरी’ या ग्रंथात, विश्वासार्हतेचे चार निकष मांडले: प्रत्ययक्षमता, संक्रमणक्षमता, अवलंबनीयता आणि पुष्टिक्षमता. यांपैकी पहिला निकष विचारतो की, ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्या वास्तवाशी हे लेखन जुळते का. शेवटचे दोन विचारतात की, निष्कर्षापर्यंतची वाट दिसते का, आणि ती पुराव्यातून निघाली की अभ्यासकाच्या कलातून. पहिल्यासाठी जे उपाय सुचवले गेले त्यांत सहभागी-पडताळणी सर्वांत महत्त्वाची मानली गेली. शेवटच्या दोहोंसाठी ‘तपासाचा माग’ राखणे हा मुख्य उपाय ठरला. प्रबंधांच्या पद्धतिविषयक प्रकरणांत हे शब्द आता नेमाने येतात. बहुधा एका परिच्छेदात येतात आणि तेथेच संपतात. प्रत्यक्षात ते काय मागतात हे एका उदाहरणावरूनच समजते. पुढील उदाहरण रचलेले आहे. ते कोणत्याही एका शाळेचे किंवा व्यक्तीचे नाही.

बंगळूरच्या एका कन्नड माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेत एक मराठीभाषी संशोधिका चौथीच्या वर्गात जाऊन बसते. तिला कन्नड उत्तम येते. ज्यांच्या घरची भाषा कन्नड नाही अशा मुलांना वर्गात बोलण्याची संधी कशी मिळते, हा तिचा प्रश्न. या शहरात तो कृत्रिम नव्हे: एकाच बाकावर तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू आणि कन्नड बोलणारी मुले बसलेली आढळतात, आणि बांधकामाच्या निमित्ताने सीमाभागातून आलेल्या कुटुंबातील एखादे मराठी मूलही त्यांत असते. जूनपासून डिसेंबरपर्यंत, आठवड्यातून दोन दिवस, अशी तिची एक्केचाळीस दिवसांची टिपणे होतात.

शिक्षिका प्रत्येक पाठाच्या अखेरीस विचारतात, “अर्थ आय्ता?” आणि वर्ग एकसुरात उत्तरतो, “आय्तु मिस.” त्यानंतर एकेका मुलाला उभे करून प्रश्न होतात. मागच्या रांगेतील एखादे मूल अडखळू लागले की त्या म्हणतात, “आमेले हेळु,” म्हणजे ‘नंतर सांग’, आणि पुढच्या मुलाकडे वळतात. संशोधिका हे वाक्य टिपते. पुन्हा येते तेव्हा पुन्हा टिपते. सप्टेंबरात टिपणांचे वर्गीकरण करताना ती अशा प्रसंगांना ‘टाळणे’ हे नाव देते. डिसेंबरपर्यंत या नावाखाली चौदा चिठ्ठ्या जमतात, आणि तिच्या मसुद्यात एक वाक्य उतरते: ‘ज्यांच्या घरी कन्नड बोलली जात नाही त्या मुलांना शिक्षिका वर्गात बोलू देत नाहीत.’

वाक्य सुबक आहे आणि त्याच्या पाठीशी चौदा प्रसंग आहेत. प्रबंधात ते तसेच गेले असते तर कोणी हरकतही घेतली नसती. परंतु ते एका नोकरदार बाईविषयीचे विधान आहे. शाळेचे नाव गाळले तरी त्या शाळेतील प्रत्येकाला ती बाई कोण हे कळणार आहे.

येथे सहभागी-पडताळणीचा प्रसंग येतो. हिचा अर्थ अनेकदा इतकाच घेतला जातो की, मुलाखतीची लेखी प्रत बोलणाऱ्याला दाखवावी आणि खाली सही घ्यावी. त्याने शब्दांची चूक सुधारते, यापलीकडे काही होत नाही. शब्द बरोबर आणि अर्थ चूक, ही संशोधनातील नेहमीची आपत्ती आहे, आणि तिला ही सही रोखू शकत नाही. शिवाय प्रत देण्याचीही रीत असते. पंधरा पाने हाती ठेवून ‘वाचून पाहा’ म्हटले तर थकलेली शिक्षिका ‘बरोबर आहे’ असेच म्हणणार. पाहुण्याचे मन मोडू नये म्हणूनही तसे म्हणणार. नुसती मान डोलली म्हणजे पडताळणी झाली, असे समजणे हा या पद्धतीतील सर्वांत सोपा आत्मवंचनेचा प्रकार आहे.

संशोधिका जानेवारीच्या आरंभी शिक्षिकेकडे जाते ती तीन गोष्टी घेऊन: दोन प्रसंगांची मूळ टिपणे, तिने दिलेले नाव, आणि त्यातून काढलेला अर्थ. ती कन्नडमध्येच वाचून दाखवते. ‘हे बरोबर आहे का?’ असे न विचारता ती विचारते, ‘त्या वेळी काय चालले होते असे तुम्ही सांगाल?’ शिक्षिका काही वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, “तुम्ही ‘आमेले’ लिहिलेत ते खरे. पण त्या ‘आमेले’नंतर काय होते ते तुम्ही पाहिलेच नाहीत. तो मुलगा चारचौघांत कन्नड बोलायला लागला की त्याची बोबडी वळते. मी त्याला जेवणाच्या सुटीत बोलावते. तो मला तेलुगूत सांगतो.”

संशोधिकेची सारी टिपणे सकाळच्या आणि दुपारच्या तासांची होती. जेवणाच्या सुटीत ती बाहेर जाऊन चहा घेत असे. सहा महिन्यांच्या सहवासात रोजचा पाऊण तास कोराच राहिला होता, आणि नेमके तेच तिच्या विधानाचे मर्मस्थान होते.

या टप्प्यावर दोन चुका संभवतात. पहिली, शिक्षिकेचे म्हणणे बचाव म्हणून बाजूला सारणे. दुसरी, ते प्रमाण मानून मसुदा बदलणे. दुसरी चूक अधिक सभ्य दिसते, म्हणून अधिक घडते. सहभागी व्यक्ती स्वतःच्या जीवनाची जाणकार असते हे खरे. पण ती स्वतःच्या वागणुकीची निःपक्ष साक्षीदार असतेच असे नाही. तिचा प्रतिसाद हा निवाडा नव्हे. तो नव्याने हाती आलेला पुरावा आहे, आणि इतर पुराव्यासारखीच त्याचीही छाननी व्हावयास हवी.

म्हणून ती पुढचे बारा दिवस जेवणाच्या सुटीत शाळेतच थांबते. शिक्षिका त्या मुलाला पाच वेळा जवळ बोलावतात, दुसऱ्या एका तेलुगूभाषी मुलीला दोन वेळा. म्हणणे खरे ठरले, असे वाटू लागते. पण येथेही एक फट आहे: आपल्याकडे कोणी पाहत आहे आणि काय पाहत आहे हे आता शिक्षिकेला ठाऊक आहे. जानेवारीतले हे वर्तन त्या संभाषणाचाच परिणाम नसेल कशावरून? या शंकेचे उत्तर नव्या निरीक्षणात सापडणे शक्य नाही. ते जुन्या वह्यांतच असले तर असेल.

ती जूनपासूनची टिपणे पुन्हा वाचते. दुपारच्या तासांच्या तीन नोंदींत तिला असे आढळते की, तास सुरू करताना शिक्षिकेने त्या मुलाचे उत्तर वर्गाला सांगितले होते: ‘याने मला सांगितले की, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात का आटते.’ ते त्याने केव्हा सांगितले, असा प्रश्न टिपण घेताना तिच्या मनात आलाच नव्हता. तिने वाक्य ऐकले, लिहिले आणि सोडून दिले. त्या तीन नोंदी ‘टाळणे’ या नावाखाली आल्या नव्हत्या. कोणत्याच नावाखाली आल्या नव्हत्या. मात्र त्या वहीत होत्या, तारखेसह होत्या, आणि कोणाला काही सिद्ध करावयाचे नव्हते अशा वेळी लिहिलेल्या होत्या. त्यांचे मोल यातच आहे.

आता ती चौदा चिठ्ठ्या पुन्हा मांडते. प्रत्येक चिठ्ठीवर दिनांक, वहीचे पान आणि मुलाचा सांकेतिक क्रमांक आहे. ही शिस्त पाळली होती म्हणूनच जे आजवर दिसले नव्हते ते दिसते: चौदांपैकी तीन प्रसंग त्या मुलाचे, दोन इतरांचे, आणि उरलेले नऊ एकाच मुलीचे. ती मुलगी मराठी. वर्गात तिच्या भाषेत बोलणारे एकच माणूस होते, ते म्हणजे स्वतः संशोधिका. आरंभीच्या आठवड्यांतच त्या मुलीशी तिची जवळीक झाली होती. मधल्या वेळात दोघी बोलत. ऑगस्टच्या एका रात्री तिने आपल्या रोजनिशीत लिहिले होते की, ही मुलगी पाहिली की स्वतःचे या शहरातले पहिले वर्ष आठवते. सारे वर्ग-निरीक्षण नकळत त्या एका बाकाभोवती गोळा झाले होते. मुलीचे मौन खरे होते, पण त्याच मौनाच्या चष्म्यातून बाकीची मुले पाहिली गेली होती.

आणि बारा दिवसांच्या सुट्यांत शिक्षिकेने त्या मुलीला एकदाही बोलावले नव्हते. कारण सरळ होते: शिक्षिकेला कन्नड, तेलुगू आणि थोडी तमिळ येत होती; मराठी येत नव्हती. अखेर मसुद्यातले वाक्य बदलले ते असे: ‘चारचौघांतील प्रश्नोत्तरांत अडखळणाऱ्या मुलांशी शिक्षिका पुढे एकांतात संवाद साधतात, पण हा दुसरा दरवाजा त्यांना अवगत असलेल्या भाषांपुरताच उघडतो.’ पहिले वाक्य एका बाईवर आरोप करीत होते. दुसरे एका व्यवस्थेची मर्यादा दाखवते आणि त्या बाईचे न दिसणारे कामही नोंदवते. शिक्षिकेला ते वाचून दाखवले तेव्हा त्या खूष झाल्या नाहीत. उत्तरार्ध त्यांना बोचला. तरी तो राहिला, आणि तो त्यांना बोचला हेही टिपणात राहिले. पडताळणीचे फलित एकमत असलेच पाहिजे असे नाही. मतभेद नेमका कोठे आहे हे वाचकाला दिसणे पुरेसे असते.

तपासाच्या मागाचा अर्थ यातून आपोआप उलगडतो. ही कल्पना हिशेबतपासनिसाकडून घेतलेली आहे, आणि मराठी माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. ताळेबंदातील रकमेविषयी संशय आला तर खतावणी उघडावी. खतावणीवरून कीर्दीतला दिवस सापडावा. कीर्दीवरून पावती हाती यावी. प्रबंधातील निष्कर्ष हा ताळेबंद होय. त्याखाली वर्गीकरणाची खतावणी, तिच्याखाली रोजच्या टिपणांची कीर्द, आणि पावतीच्या जागी मुलांच्या वह्या, ध्वनिमुद्रणे, फळ्याची रेखाटने. एडवर्ड हाल्पर्न यांनी १९८३ च्या आपल्या प्रबंधात अशा नोंदींचे सहा वर्ग केले आणि लिंकन व गुबा यांनी ते स्वीकारले: मूळ सामग्री, तिचे संक्षेप व विश्लेषण, त्यांतून बांधलेले अर्थ, पद्धतीविषयीच्या नोंदी, संशोधकाचे हेतू व मनःस्थिती, आणि साधनांची घडण. वरील उदाहरणात यांतील पाचव्या वर्गाने, म्हणजे रोजनिशीतील त्या ऑगस्टच्या ओळीने, जे काम केले ते इतर कशानेही झाले नसते. प्रबंधांत सहसा हाच वर्ग रिकामा आढळतो.

साहित्याच्या अभ्यासकांना याहून जवळचा दाखला देता येईल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. संप्रदायाने ती प्रत शिरोधार्य मानली. परंतु कोणते पाठ त्यांनी नाकारले आणि कशासाठी, हे आज त्या प्रतीवरून सांगता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि मूळ पर्वांचे काम १९६६ पर्यंत चालले. तिच्या प्रत्येक पानाखाली नाकारलेले पाठ हस्तलिखितांच्या खुणांसह छापलेले आहेत. वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य असेल तर तो त्याच पानावर दुसरा निर्णय घेऊ शकतो. एकनाथांच्या प्रतीचा आधार त्यांचा अधिकार हा होता, भांडारकर आवृत्तीचा आधार तळटीप हा आहे. चिठ्ठीवरचे ‘टाळणे’ हे नाव संशोधिकेने खोडून टाकले नाही. त्यावर रेघ मारून शेजारी नवे नाव, दिनांक आणि कारण लिहिले. नाकारलेला पाठ तळाशी राहिला.

माग राखण्याला मर्यादाही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. अगदी नीटनेटक्या वह्यांतूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. चोख हिशेब ठेवूनही धंदा बुडतो तसाच. माग एवढेच सांगतो की चूक झाली असल्यास ती कोणत्या पायरीवर झाली. तो मागाहून रचलाही जाऊ शकतो. तसे झाले असेल तर ते ओळखू येते: सर्व नोंदी एकाच हाताच्या एकाच वेगात असतात, कोठे खाडाखोड नसते, आणि पहिल्याच आठवड्यातील टिपणात अखेरच्या निष्कर्षाचे शब्द आढळतात. प्रामाणिक वहीत अभ्यासकाचे मत निदान एकदा तरी बदललेले दिसते.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. जानेवारीच्या संभाषणात शिक्षिकेने मुख्याध्यापकांविषयी काही सांगितले आणि दोन दिवसांनी ते काढून टाकण्याची विनंती केली. माग म्हणतो, काही नष्ट करू नये. विश्वास म्हणतो, दिलेला शब्द पाळावा. संशोधिकेने मजकूर नष्ट केला आणि त्या जागी एवढेच लिहिले: ‘सहभागी व्यक्तीच्या विनंतीवरून चार ओळी काढल्या, वर्गातील भाषाव्यवहाराशी संबंध नाही.’ पावती गेली, पण ती गेल्याची नोंद राहिली. सांकेतिक क्रमांकांची किल्ली तिने वह्यांपासून वेगळी, दुसऱ्या ठिकाणी ठेवली. वह्यांची एक प्रतही ती दुसऱ्या घरी ठेवू लागली. स्टॅनफर्डच्या आगीचा निदान एवढा धडा तरी अगदी साधा आहे.

त्या आगीचा दुसरा धडा तितका साधा नाही. स्मृती ही समजलेल्या गोष्टींची असते. जे पाहताना अर्थपूर्ण वाटले, जे एखाद्या कथेत बसले, तेच ती जपते. त्यामुळे स्मृतीतून लिहिलेल्या ग्रंथाला एकसंधपणा येतो आणि माणसे जिवंत होतात. ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’चे सामर्थ्य हेच आहे. कच्च्या वहीत मात्र न समजलेल्या गोष्टीही असतात. विहिरीच्या पाण्याविषयीचे ते वाक्य संशोधिकेच्या स्मृतीत टिकले नसते, कारण तिने ते ऐकले तेव्हा त्याला काहीच अर्थ नव्हता. डिसेंबरात तिच्या वह्या जळाल्या असत्या आणि तिने आठवून लिहिले असते, तर ‘शिक्षिका बोलू देत नाहीत’ हेच वाक्य अधिक सफाईने लिहिले गेले असते. आणि त्या मराठी मुलीची हकिकत त्यात इतकी हृद्य उतरली असती की कोणीही शंका घेतली नसती.

फेब्रुवारीअखेर संशोधिकेने शाळेचा निरोप घेतला. त्यापूर्वीच्या आठवड्यात एका जेवणाच्या सुटीत शिक्षिकेने त्या मुलीला प्रथमच जवळ बोलावले आणि संशोधिकेला विचारले, “विहिरीला तुमच्यात काय म्हणतात?” कन्नड ‘बावि’ आणि मराठी ‘विहीर’ असे दोन शब्द मुलीने वहीत एकाखाली एक लिहिले. हा प्रसंग प्रबंधातील निष्कर्षांत आलेला नाही. तो अभ्यासाचा परिणाम होता, पुरावा नव्हता. म्हणून दिनांकासह, ‘वर्गीकरणाबाहेर’ असा शेरा मारून तो शेवटच्या वहीत नोंदलेला आहे.